शुक्राची साक्ष

गेल्या वर्षी, म्हणजे 2025 साली, 1 मार्चच्या संध्याकाळी आम्ही सगळे गच्चीवर होतो. रमजानचा चाँद बघायचा होता. मगरिबनंतर थोड्याच वेळात पश्चिमेला, पिंपळाच्या शेंड्याजवळ, होडीसारखी आडवी, अगदी बारीक कोर दिसली. शेजारच्या गच्चीवरून "दिसला, दिसला" असा आवाज आला आणि खाली गल्लीत मुलांनी फटाका लावला. त्या कोरीच्या वर, थोडासा उजवीकडे, शुक्र झगझगत होता. आमच्या अम्मी त्याला झोहराच म्हणतात. चाँदच्या दुआ झाल्या, एकमेकांना मुबारकबाद देऊन झाली, आणि मग आमच्या थोरलीने दुर्बिणीचे तोंड चाँदवरून काढून त्या ताऱ्याकडे वळवले. ती म्हणाली, "या सगळे. आज आकाशात दोन हिलाल आहेत."

दुर्बिणीत खरोखरच दुसरी कोर होती. चंद्रकोरीइतकीच स्वच्छ, पण पांढरीशुभ्र, डाग नसलेली. डोळ्यांना जो नुसता तेजाचा ठिपका दिसत होता, तो ठिपका नव्हताच. ती कोर होती, आणि तिचीही उजळ बाजू चाँदसारखीच मावळलेल्या सूर्याकडे होती. धाकटा मात्र म्हणाला, "उलटी आहे." त्याचेही बरोबर होते. आमची दुर्बीण चित्र उलटे दाखवते. म्हणून आम्ही त्याला आधी त्याच दुर्बिणीतून चाँद दाखवला. तोही उलटाच दिसला, तेव्हा त्याचे समाधान झाले.

या कोरीपर्यंत आम्ही एका दिवसात पोहोचलो नव्हतो. पाच महिने चाललेल्या एका घरगुती उद्योगाचा तो शेवटचा टप्पा होता. या उद्योगात आमच्या अब्बांना आपली तीस वर्षांची एक शिकवण दुरुस्त करावी लागली. ती कशी, हे सांगण्यासाठी हा लेख.

अब्बा हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. निवृत्त होऊन बारा वर्षे झाली. घरातली नातवंडेही त्यांना अब्बाच म्हणतात. नववीतल्या थोरलीला तिच्या ईदीचे पैसे आणि आमची थोडी भर घालून एक साधी दुर्बीण घेऊन दिली होती. पुढचे भिंग 60 मिलिमीटरचे, आणि डोळ्याकडे लावायची दोन भिंगे. एकाने 35 पट मोठे दिसते, दुसऱ्याने 70 पट. अब्बांनी तिला पहिलाच अभ्यास दिला: शुक्र बघ, दर पंधरा दिवसांनी बघ आणि वहीत काढ. एकच अट होती. प्रत्येक वेळी 70 पटीचेच भिंग लावायचे, म्हणजे लहान-मोठे झालेले खरे कळेल.

पहिले चित्र 2024 च्या ऑक्टोबरमधले आहे. ते बघून आम्ही निराशच झालो होतो. शुक्र जवळजवळ गोल आणि अगदी लहान दिसला, पूर्ण चंद्राच्या व्यासाचा दीडशेवा भाग. एका बाजूला जराशी कड कमी होती, एवढेच. त्यातही आम्ही चूक केली होती. काळोख पडल्यावर बघायला गेलो, तर काळ्या आकाशात तो इतका झगझगीत दिसे की आकारच कळेना, आणि खाली उतरलेला असल्याने लाल-हिरव्या रंगांनी थरथरे. अब्बा म्हणाले, सूर्य मावळला की लगेच बघा, आकाश निळे असतानाच. तसे केले आणि चकाकी गेली. सूर्य पुरता मावळल्याशिवाय दुर्बीण त्या दिशेला फिरवायची नाही, हा दुसरा नियमही त्यांनी तेव्हाच घातला. दुर्बिणीतून सूर्य एक क्षण जरी डोळ्यांत गेला तरी डोळा कायमचा जाऊ शकतो.

दुसरे चित्र 10 जानेवारीच्या आसपासचे. शुक्र बरोबर अर्धा, सप्तमी-अष्टमीच्या चंद्रासारखा, आणि ऑक्टोबरच्या दुप्पट मोठा. 70 पटीच्या भिंगातून तो साधारण तेवढाच दिसत होता, जेवढा चंद्र नुसत्या डोळ्यांना दिसतो. त्या दिवसांत तो सूर्यापासून आकाशात जास्तीत जास्त दूर होता, सुमारे 47 अंशांवर. याहून लांब तो कधीच जात नाही. म्हणूनच शुक्र मध्यरात्री डोक्यावर आल्याचे कोणी पाहिलेले नाही. तो एक तर मगरिबनंतर पश्चिमेला दिसतो, नाहीतर फजरच्या सुमारास पूर्वेला.

तिसरे चित्र त्या चाँदरातीचे. बारीक कोर, आणि ऑक्टोबरच्या चौपट रुंद.

ही तीन चित्रे वहीच्या एका पानावर शेजारी शेजारी आली, तेव्हा थोरलीनेच विचारले, "चाँद लहान-मोठा होत नाही. पूर्ण असो नाहीतर कोर, आकार तेवढाच. मग हा बारीक होताना मोठा का होतो?"

सगळी गोष्ट या प्रश्नातच आहे. चंद्र आपल्याभोवती फिरतो, म्हणून त्याचे आपल्यापासूनचे अंतर फारसे बदलत नाही. शुक्राचे मात्र फार बदलते. ऑक्टोबरच्या मध्याला तो आपल्यापासून सुमारे 21 कोटी किलोमीटरवर होता, जानेवारीत 10 कोटींवर आणि त्या चाँदरातीला जेमतेम 5 कोटींवर. सूर्य आपल्यापासून सुमारे 15 कोटी किलोमीटरवर असतो. म्हणजे शुक्र गोल दिसला तेव्हा तो सूर्यापेक्षाही लांब होता, आणि कोर दिसली तेव्हा सूर्याच्या बऱ्याच अलीकडे. जी वस्तू कधी सूर्याच्या पलीकडे असते आणि कधी अलीकडे, आणि सूर्याला सोडून कधी फार लांब जात नाही, ती सूर्याभोवतीच फिरत असली पाहिजे.

आज हे सोपे वाटते, पण सुमारे दीड हजार वर्षे आकाशाचा नकाशा वेगळा होता. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात टॉलेमी नावाचे खगोलविद होऊन गेले. आपल्याकडच्या जुन्या अरबी-फारसी किताबांत त्यांना बतलीमूस म्हणतात. त्यांचा मोठा ग्रंथ नवव्या शतकात बगदादमध्ये अरबीत आला, आणि युरोपाने त्याला आजही चिकटलेले 'अल्माजेस्ट' हे नाव त्या अरबी नावावरूनच घेतले. या नकाशात पृथ्वी मध्यभागी स्थिर होती. तिच्याभोवती आधी चंद्र, मग बुध, मग शुक्र, मग सूर्य आणि त्यापलीकडे मंगळ, गुरू, शनी, असे एकावर एक थर होते. शुक्राचा थर सूर्याच्या थराच्या आत होता. शुक्र सूर्यापासून लांब का जात नाही, यावर उत्तर असे होते की शुक्र एका लहान वर्तुळावर फिरतो, आणि त्या लहान वर्तुळाचा मध्य नेहमी पृथ्वी आणि सूर्य यांना जोडणाऱ्या रेषेवर राहतो. तो तिथेच का राहतो, याला कारण नव्हते. पण हिशेब जमत होता. शुक्र कुठल्या दिवशी कुठल्या ताऱ्यांत दिसेल, हे या नकाशावरून बऱ्यापैकी अचूक काढता येई. वेडगळ म्हणून हसण्यावारी नेण्यासारखा तो नकाशा नव्हता.

शुक्र सूर्याच्या अलीकडे की पलीकडे, हा वादही जुनाच होता. शुक्र खाली असेल तर कधीतरी तो सूर्याच्या तोंडावरून जाताना दिसायला हवा. इब्न सीना यांनी आपण शुक्राला सूर्याच्या चेहऱ्यावर तिळासारखे पाहिले, असे लिहिल्याची नोंद सापडते. तो शुक्र होता की सूर्यावरचा डाग, हे आज ठरवता येत नाही. पण तसा तीळ खरोखर दिसतो. 8 जून 2004 रोजी अब्बांनी शाळेच्या मैदानावर पुठ्ठ्याला बारीक छिद्र पाडून, पडद्यावर सूर्याची प्रतिमा पाडून तो मुलांना दाखवायचा प्रयत्न केला होता. प्रतिमा लहान पडली आणि तीळ कोणालाच ओळखता आला नाही. शेवटी एका पालकाच्या दुर्बिणीतून कागदावर मोठी प्रतिमा पाडली, तेव्हा काळा ठिपका दिसला. तीळ दिसला की एवढेच कळते की त्या दिवशी शुक्र सूर्याच्या अलीकडे होता. इतर दिवशी तो कुठे होता, हे तीळ सांगत नाही. ते सांगते फक्त शुक्राची कला.

हे मुलांना पटवायला आम्ही एका रविवारी मधल्या खोलीत खेळ मांडला. खिडक्यांना चादरी लावून काळोख केला. खोलीच्या एका टोकाला लांब वायरीवर एक बल्ब टांगला. तो सूर्य. दुसऱ्या टोकाला खुर्ची. ती पृथ्वी, आणि तिच्यावर बसून एक डोळा मिटून बघायचे. पांढरा प्लॅस्टिकचा चेंडू धाकट्याच्या हातात. तो शुक्र. खुर्ची आणि बल्ब यांच्या मधोमध फरशीवर खडूने एक वर्तुळ काढले आणि धाकट्याला चेंडू डोक्यावर धरून त्यावरून फिरायला सांगितले. हा टॉलेमींचा नकाशा.

खुर्चीवर आधी अम्मी बसल्या. चेंडू फिरत राहिला. त्यांना कधी बारीक कोर दिसली, कधी जरा जाड, पण अर्धा चेंडू उजळलेला एकदाही दिसला नाही. कारण उघड आहे. चेंडू सतत बल्बच्या अलीकडेच राहतो, म्हणून त्याची उजळ बाजू बल्बकडे आणि काळोखी बाजू आपल्याकडे. धाकटा वर्तुळाच्या लांबच्या टोकाला गेला, म्हणजे चेंडू लहान दिसू लागला, तेव्हाही त्याच्यामागे बल्ब होताच, आणि चेंडू काळाच. अब्बांनी वहीचे पहिले पान उघडून पुढे धरले. ऑक्टोबरमध्ये लहान शुक्र गोल आणि उजळ होता. टॉलेमींच्या नकाशात लहान शुक्र काळोखाच असायला हवा. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही.

"मग वर्तुळ बल्बच्या मागे काढू," थोरली म्हणाली. तसेही करून पाहिले. आता चेंडू सतत जवळजवळ गोलच दिसू लागला, कोर कुठेच नाही. मग तिसऱ्या वेळी वर्तुळ बल्बच्या भोवती काढले. चेंडू बल्बच्या पलीकडे गेला तेव्हा लहान आणि पूर्ण उजळ, बाजूला आला तेव्हा अर्धा, अलीकडे येऊ लागला तेव्हा मोठी आणि बारीक होत जाणारी कोर. वहीतली तिन्ही चित्रे एका फेरीत आली. अम्मी खुर्चीवरून उठताना म्हणाल्या, "एवढी साधी गोष्ट, मग लोकांना आधी का नाही दिसली?"

याचे उत्तर आपल्या डोळ्यांत आहे. शुक्राची कोर सर्वांत मोठी असते तेव्हाही ती पूर्ण चंद्राच्या व्यासाचा जेमतेम तिसावा भाग असते. नुसत्या डोळ्याला आकार वेगळा काढता येण्याची हद्द साधारण तिथेच संपते. शिवाय शुक्र आपल्याला आणखी एक चकवा देतो. सर्वांत लांब असताना तो पूर्ण उजळ असतो पण लहान. जवळ येतो तेव्हा मोठा होतो पण बहुतेक काळोखा. एका बाजूने घटते ते दुसऱ्या बाजूने भरून निघते, म्हणून नुसत्या डोळ्यांना त्याचे तेज फारसे बदलताना दिसतच नाही. तो सर्वांत तेजस्वी दिसतो तेव्हा त्याचा जेमतेम चौथा भाग उजळलेला असतो. 1543 साली कोपर्निकस यांनी सूर्य मध्यभागी असलेला नकाशा मांडला तेव्हा याच गोष्टीवर आक्षेप आला होता. तुमच्या म्हणण्याप्रमाणे शुक्राचे अंतर सहापट बदलते, तर मग त्याचे तेज तेवढे का बदलत नाही? नुसत्या डोळ्यांनी बघणाऱ्याकडे याला उत्तर नव्हते.

उत्तर दुर्बिणीने दिले. 1610 च्या ऑक्टोबरच्या सुमारास गॅलिलिओ यांनी फ्लॉरेन्समध्ये शुक्र बघायला सुरुवात केली. त्यांची दुर्बीण वीस-तीस पट मोठे दाखवणारी होती, म्हणजे आमच्या लहान भिंगाच्या आसपासची. सुरुवातीला त्यांनाही लहान, गोल शुक्रच दिसला. मग तो मोठा होत गेला आणि त्याची गोलाई एका बाजूने कमी होऊ लागली. 5 डिसेंबरला त्यांचे शिष्य कास्तेल्ली यांनी पत्र लिहून विचारले की कोपर्निकस बरोबर असतील तर शुक्र कधी कोरीसारखा दिसायला हवा, तुम्हाला तसे काही दिसले का? गॅलिलिओ यांची अडचण अशी होती की शुक्र तेव्हा अजून अर्ध्याच्या आसपास होता. कोर अजून यायची होती. थांबावे तर दुसरा कोणीतरी आधी जाहीर करील. आत्ताच बोलावे आणि कोर आलीच नाही, तर तोंड दाखवायची सोय नाही. म्हणून 11 डिसेंबरला त्यांनी प्रागला एक विचित्र लॅटिन वाक्य पाठवले. अक्षरांची जागा बदलली की त्यातून दुसरे वाक्य निघत असे. मग ते बघत राहिले. अर्ध्याची कोर होऊ लागल्याची खात्री झाल्यावर 1 जानेवारी 1611 च्या पत्रात त्यांनी खरे वाक्य उलगडले. त्याचा आशय असा, की शुक्र चंद्राच्या रूपांची नक्कल करतो.

रोममध्ये जेझुइट पाद्र्यांचे मोठे विद्यालय होते. तिथले वृद्ध गणिती क्लाव्हियस हे टॉलेमींच्या नकाशाचे नामांकित शिक्षक. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतः दुर्बीण लावून पाहिले, आणि 1611 च्या एप्रिलमध्ये चर्चच्या एका बड्या अधिकाऱ्याने विचारल्यावर लेखी कळवले की होय, शुक्र चंद्रासारखा घटतो आणि वाढतो. ज्यांनी आयुष्यभर जुना नकाशा शिकवला, त्यांनीच ही साक्ष दिली. अब्बा ही गोष्ट सांगताना नेहमी या ठिकाणी जरा थांबतात.

त्या रविवारी ते इथे थांबले आणि मग वर्गात सांगायचे तसेच म्हणाले, "आणि अशा रीतीने शुक्राच्या कलांमुळे पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे सिद्ध झाले."

थोरली बल्बकडे बघत होती. ती उठली, बल्बची वायर हातात घेतली आणि धाकट्याला म्हणाली, "तू माझ्याभोवती फिरत राहा." मग ती बल्ब घेऊन अम्मींच्या खुर्चीभोवती हळूहळू चालू लागली. खुर्ची जागेवर, बल्ब खुर्चीभोवती, आणि चेंडू बल्बभोवती. "दादी, काय दिसतं?" अम्मी खुर्चीतच वळत वळत म्हणाल्या, "तेच. गोल, अर्धा, कोर. तेच सगळं."

"अब्बा," थोरली म्हणाली, "मग खुर्ची हलते की बल्ब हलतो, हे चेंडूवरून कसं कळणार?"

खोलीत कोणी बोलले नाही. धाकटा मात्र फिरतच राहिला होता. अब्बा थोड्या वेळाने म्हणाले, "नाही कळणार." आणि मग, "मी चुकीचं शिकवत होतो."

थोरलीला ठाऊक नव्हते, पण तिने मांडलेला नकाशा एका मोठ्या माणसाचा होता. डेन्मार्कचे टायको ब्राहे यांनी 1588 साली नेमका हाच नकाशा छापला होता. पृथ्वी स्थिर, चंद्र आणि सूर्य तिच्याभोवती, आणि बाकीचे ग्रह सूर्याभोवती. टायको 1601 मध्ये वारले. दुर्बिणीतून आकाश बघणे त्यांच्या नशिबी नव्हते. पण शुक्राच्या कला त्यांच्या नकाशात एकही फरक न होता बसतात. म्हणूनच रोमच्या जेझुइट विद्वानांनी कला मान्य केल्या, टॉलेमींचा शुक्र सोडून दिला, आणि पुढे त्यांच्यातले बहुतेक जण कोपर्निकसकडे न जाता टायकोंच्या नकाशाकडे गेले. त्यात अप्रामाणिकपणा नव्हता. हातात असलेल्या पुराव्यावर ती वाटही मोकळी होती.

पृथ्वी स्वतः फिरते याचा थेट पुरावा मिळायला आणखी शंभरावर वर्षे गेली, आणि तो शुक्राने नव्हे, ताऱ्यांनी दिला. जेम्स ब्रॅडली यांना 1728 च्या सुमारास उलगडले की सगळे तारे वर्षभरात अगदी थोडे, पण ठरावीक रीतीने, आपल्या जागेवरून सरकल्यासारखे दिसतात. वाऱ्याशिवाय सरळ पडणारा पाऊसही पळणाऱ्या माणसाच्या तोंडावर तिरपा येतो. तसाच ताऱ्याचा उजेड धावणाऱ्या पृथ्वीवर तिरपा येतो. खुर्ची स्थिर असती तर हा तिरपेपणा वर्षभर तसा बदलला नसता. त्यानंतर 1838 मध्ये बेसेल यांनी एका जवळच्या ताऱ्याचे, पृथ्वी सूर्याच्या या बाजूला असताना आणि त्या बाजूला असताना, वेगळ्या दिशेला दिसणे मोजले. या दोन मापांनी खुर्ची हलते हे ठरले.

अब्बा त्या रात्री उशिरापर्यंत जागे होते. आम्ही म्हणालो, एवढे काय, मुले पास झाली, पृथ्वी तर फिरतेच. ते म्हणाले, "उत्तर बरोबर होतं, पुरावा चुकीचा जोडला होता. चाँद कमिटीत आपण असं चालवून घेतो का?"

अब्बा गावातल्या चाँद कमिटीत बसतात. कोणी येऊन चाँद दिसल्याचे सांगितले की ते विचारतात: कुठून पाहिला? सूर्य मावळला त्या जागेच्या कुठल्या बाजूला? किती उंचीवर? टोके कुठे होती? एकदा एकाने सांगितले की चाँद दिसला, पण टोके खाली, सूर्याच्या बाजूला होती. अब्बांनी त्याची शहादत नम्रपणे बाजूला ठेवली. कोरीची उजळ बाजू सूर्याकडे असते, टोके कधीच नाहीत. त्याने बहुधा ढगाची कड पाहिली होती. दुसऱ्या एकाने सांगितले, "मी पाहिला नाही, पण आज 29 आहे, दिसणारच." त्याचा अंदाज दुसऱ्या दिवशी खरा ठरला, तरी ती शहादत नव्हती. साक्षीदाराने जेवढे पाहिले तेवढेच सांगायचे. अब्बा म्हणाले, "शुक्राने एवढंच सांगितलं की मी सूर्याभोवती फिरतो. टॉलेमींचा नकाशा पडायला तेवढं पुरेसं होतं. पृथ्वीबद्दल तो बिचारा काही बोललाच नव्हता. ते मी त्याच्या तोंडी घातलं."

हाच नियम मग आम्हाला स्वतःलाही लावावा लागला. आमच्याच घरात अधूनमधून ऐकू येते की हे सगळे आपल्या विद्वानांना आधीच माहीत होते. इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकात टॉलेमींच्या गणितावर कडक शंका घेतल्या, हे खरे आहे. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्या मशिदीत नमाजच्या वेळा काढणारे इब्न अल-शातिर यांनी त्या शंका दूर करणारे नवे नकाशे काढले, आणि त्यांचा चंद्राचा हिशेब दोनशे वर्षांनंतरच्या कोपर्निकस यांच्या हिशेबाशी जवळजवळ तंतोतंत जुळतो, हेही खरे आहे. पण त्यांनी पृथ्वी मध्यभागीच ठेवली होती. शुक्राच्या कला त्यांना दिसल्या नव्हत्या, कारण दुर्बिणीशिवाय त्या दिसणे शक्यच नव्हते. त्यांनी केले ते मोठे आहे. न केलेले त्यांच्या नावावर टाकून ते आणखी मोठे होत नाही.

रमजान पुढे सरकत गेला तसा शुक्र रोज खाली उतरू लागला. कोर आणखी मोठी, आणखी बारीक. मार्चच्या मध्यानंतर तो संध्याकाळच्या उजेडात हरवला. 23 मार्चला तो आपल्या आणि सूर्याच्या मधून गेला. मात्र या वेळी तो सूर्याच्या थोडा वरच्या बाजूने गेला, म्हणून सूर्यावर तीळ दिसला नाही. 30 मार्चला ईदचा चाँद बघायला आम्ही पुन्हा गच्चीवर आलो, तेव्हा कोर एकटीच होती. धाकट्याने विचारले, दुसरा हिलाल कुठे गेला?

ईदनंतर पाच-सहा दिवसांनी फजरची नमाज झाल्यावर अब्बांनी त्याला उठवून गच्चीवर नेले. पूर्वेला, सूर्य उगवायच्या आधी, शुक्र परत आला होता. दुर्बिणीत तीच बारीक कोर होती, उजळ बाजू पुन्हा सूर्याकडे, पण आता सूर्य तिच्या दुसऱ्या बाजूला होता. थोरलीने वहीत चौथे चित्र काढले. साधारण 584 दिवसांनी हा सगळा फेरा पुन्हा तसाच येतो. ऑक्टोबर 2024 सारखा लहान गोल शुक्र संध्याकाळी पुन्हा दिसायला तेवढा वेळ लागणार होता.

अब्बांनी त्यांची जुनी, वर्गात न्यायची टिपणवही कपाटातून काढली. पान पिवळे पडले होते. 'सिद्ध झाले' या शब्दांवर त्यांनी रेघ मारली आणि वर लिहिले: 'शुक्र सूर्याभोवती फिरतो एवढे दिसले.' मग थोरलीला पेन देऊन म्हणाले, खाली तारीख टाक आणि तुझी सही कर.